वेळ आणि सेटलमेंटच्या नोंदींवरून कन्सॉलिडेशन गुणांक: वर्गमूळ पद्धत, लॉग पद्धत आणि नेमकं कुठं चुकतं

उलवे, द्रोणागिरी, ऐरोलीचा खाडीकाठ, पनवेल खाडीची बाजू, कुठेही बोअर घेतला की भरावाखाली काही मीटर मऊ काळी सागरी चिकणमाती लागतेच. तिचे ट्यूबमधले नमुने प्रयोगशाळेत येतात, ईडोमीटरवर चढतात आणि आठवडा-दीड आठवड्याने रिपोर्टमध्ये सीव्हीचा, म्हणजे कन्सॉलिडेशन गुणांकाचा, एक आकडा येतो. त्या आकड्यावरून भराव किती वर्षं खचत राहील हे ठरतं. मी असे रिपोर्ट तपासतो. नोंदी बहुतेक वेळा ठीक असतात, चूक होते ती आलेखावर रेघा ओढताना. म्हणून इथे भर त्या रेघांवर आहे. चाचणी कशी चालवायची हे आयएस २७२० भाग १५ मध्ये सविस्तर आहे, त्यातलं फक्त आलेखावर परिणाम करणारं तेवढंच घेतो.

## टप्पा १: नोंदी घेण्याआधीची तयारी

आपल्याकडे सहसा ६० मिमी व्यासाची आणि २० मिमी उंचीची रिंग असते. नमुना वर आणि खाली पोरस स्टोनमध्ये असतो, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंनी निघतं. पुढे सूत्रात ही गोष्ट लागणार आहे, म्हणून आत्ताच शीटवर ‘दुहेरी निचरा’ असं लिहून ठेवा.

डायल गेज ०.००२ मिमीचं घ्या. ०.०१ मिमीच्या गेजवर शेवटच्या काही तासांतली हालचाल दोन-चार काट्यांत संपते आणि लॉग पद्धतीची शेपटी नीट ओढताच येत नाही.

वेळा ठरवताना आयएसने सुचवलेला क्रम मोडू नका: ०.२५, १, २.२५, ४, ६.२५, ९, १२.२५, १६, २०.२५, २५, ३६, ४९, ६४, १०० मिनिटं, असं पुढे २४ तासांपर्यंत. या वेळांची वर्गमूळं सरळ ०.५, १, १.५, २ अशी येतात, आणि त्यात एकास चार या प्रमाणातल्या जोड्याही आपोआप मिळतात. लॉग पद्धतीत त्या जोड्या लागतात.

पहिल्या दहा मिनिटांना दोन माणसं हवीत. एकाने घड्याळ पाहून वेळ पुकारायची, दुसऱ्याने नजर डायलवरच ठेवायची. वजन हँगरवर हलक्या हाताने ठेवा. धक्का बसला तर पहिल्या दोन नोंदी गेल्या असं समजा.

तपासा: वजन ठेवण्याच्या लगेच आधीची डायल नोंद शीटवर आहे ना? अनेक शीटमध्ये शून्य मिनिटाच्या रकान्यात वजन ठेवल्यानंतरचा आकडा असतो. तो शून्य नव्हे.

इशारा: रात्री एसी बंद होणाऱ्या खोलीत चाचणी लावू नका. तापमान एक अंशाने वाढलं की पाण्याची चिकटता साधारण दोन टक्क्यांनी कमी होते आणि पाणी तितक्या वेगाने निघतं. शिवाय फ्रेम स्वतःही थोडी हलते. त्यामुळे वक्राच्या शेपटीत जो खड्डा किंवा उंचवटा दिसतो, त्याचा मातीशी काही संबंध नसतो. दिवसभर चालणाऱ्या एसीमुळे सेलमधलं पाणीही आटतं, ते बघत राहा.

## टप्पा २: डायलचे आकडे सेटलमेंटमध्ये बदलणं

काही गेजचे आकडे नमुना दबल्यावर वाढतात, काहींचे कमी होतात. आलेख काढण्याआधी प्रत्येक नोंदीतून शून्य मिनिटाची नोंद वजा करा आणि दबण्याची दिशा धन ठेवा. प्रत्येक लोड टप्प्याची सुरुवात नव्याने शून्यापासून करा.

आता एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेऊ. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण खाडीकाठच्या मऊ मातीला शोभतील असेच आहेत. लोड ५० वरून १०० किलोपास्कल केला. हा टप्पा सुरू होताना नमुन्याची जाडी १७.६० मिमी होती.

| वेळ (मिनिटं) | वर्गमूळ | सेटलमेंट (मिमी) |
|---|---|---|
| ० | ० | ० |
| ०.२५ | ०.५ | ०.१५२ |
| १ | १ | ०.२४२ |
| २.२५ | १.५ | ०.३३४ |
| ४ | २ | ०.४२६ |
| ६.२५ | २.५ | ०.५१६ |
| ९ | ३ | ०.६०८ |
| १२.२५ | ३.५ | ०.६९८ |
| १६ | ४ | ०.७८४ |
| २०.२५ | ४.५ | ०.८६२ |
| २५ | ५ | ०.९३२ |
| ३६ | ६ | १.०४२ |
| ४९ | ७ | १.११२ |
| ६४ | ८ | १.१५४ |
| १०० | १० | १.१८८ |
| १४४ | १२ | १.२०० |
| २२५ | १५ | १.२०८ |
| ४०० | २० | १.२२२ |
| १४४० | ३७.९ | १.२५४ |

## टप्पा ३: निचऱ्याचं अंतर आधी काढून ठेवा

सूत्र दोन्ही पद्धतींत एकच आहे:

```
cv = T × d² / t
```

यातला `T` म्हणजे वेळ-घटक, तो किती टक्के कन्सॉलिडेशन झालं यावर ठरतो, आणि `t` म्हणजे तेवढं व्हायला लागलेला वेळ. `d` म्हणजे पाण्याच्या थेंबाला बाहेर पडण्यासाठी जास्तीत जास्त जेवढं अंतर कापावं लागतं ते. दुहेरी निचरा असेल तर हे अंतर जाडीच्या निम्मं असतं. जाडी त्या टप्प्यातली सरासरी घ्यायची, सुरुवातीची २० मिमी नाही.

आपल्या उदाहरणात सुरुवातीची जाडी १७.६० आणि शेवटची १७.६० − १.२५४ = १६.३४६ मिमी. सरासरी १६.९७३, तिचं निम्मं ८.४८७ मिमी, आणि त्याचा वर्ग ७२.०.

इशारा: निम्मं करायचं राहिलं तर सीव्ही चौपट येतो. तरीही आकडा ‘बरा’च दिसतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. २० मिमी तशीच धरली तर इथे `d²` १०० होतो, म्हणजे जवळपास ४० टक्के चूक. मऊ माती बरीच दबलेली असते, म्हणून आपल्या भागात ही चूक मोठी ठरते.

## टप्पा ४: वर्गमूळ पद्धत

ही पद्धत टेलरची. आडव्या अक्षावर वेळेचं वर्गमूळ, उभ्या अक्षावर खाली जाणारं सेटलमेंट.

पहिली रेघ. सिद्धांतानुसार सुमारे ६० टक्के कन्सॉलिडेशनपर्यंत सेटलमेंट वेळेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून सुरुवातीचे बिंदू सरळ रेषेत येतात. आपल्या तक्त्यात ०.२५ ते ९ मिनिटांचे सहा बिंदू जवळपास एका रेषेवर आहेत. १२.२५ चा बिंदू किंचित सुटायला लागतो आणि १६ चा स्पष्टपणे सुटतो. रेघ फक्त त्या सहा बिंदूंतून काढा.

ही रेघ मागे वाढवून उभ्या अक्षाला जिथे भेटते, तिथे दुरुस्त शून्य मिळतो. आपल्याकडे तो ०.०६० मिमी येतो. हे ०.०६० मिमी दबणं कन्सॉलिडेशनचं नसतं. फिल्टर पेपर आणि स्टोन नीट बसणं, अडकलेली थोडी हवा दबणं, फ्रेमचं स्वतःचं लवचिक दबणं, असं सगळं त्यात असतं.

सर्वांत मोठी चूक इथे होते. ‘वेळ शून्य असताना सेटलमेंट शून्य’ असं म्हणून रेघ मूळ बिंदूतून ओढली जाते. एक्सेलच्या ट्रेंडलाइनमध्ये इंटरसेप्ट शून्य करण्याचा पर्याय असतो आणि तो टिक केलेला राहून जातो. याचा परिणाम किती होतो ते पुढे आकड्यात दाखवतो.

दुसरी रेघ. त्याच दुरुस्त शून्यातून निघणारी, पण प्रत्येक सेटलमेंटला पहिल्या रेघेच्या १.१५ पट आडवं अंतर असलेली. हा १.१५ कुठून आला हे कळलं की तो चुकीच्या अक्षावर लावला जात नाही. ९० टक्के कन्सॉलिडेशनला खरा वेळ-घटक ०.८४८, त्याचं वर्गमूळ ०.९२१. सुरुवातीची सरळ रेघ तशीच वाढवली असती तर ९० टक्के ०.७९८ लाच आले असते. दोन्हींचं गुणोत्तर १.१५. म्हणजे १.१५ ने गुणायचं ते आडवं अंतर. उतार काढायचा असेल तर तो १.१५ ने भागायचा, गुणायचा नाही.

एक्सेलमध्ये ए रकान्यात वेळ, बी मध्ये वर्गमूळ, सी मध्ये सेटलमेंट आणि दुसऱ्या ओळीत शून्य मिनिट असं धरून:

```
B3:  =SQRT(A3)
F1:  =SLOPE(C3:C8,B3:B8)
F2:  =INTERCEPT(C3:C8,B3:B8)
D3:  =$F$2+$F$1/1.15*B3
```

शून्य मिनिटाची ओळ (दुसरी) यात मुद्दाम घेतलेली नाही. बी३ आणि डी३ ही सूत्रं खाली शेवटच्या ओळीपर्यंत ओढा. डी रकाना म्हणजे दुसरी रेघ.

छेद. दुसरी रेघ नोंदींच्या वक्राला जिथे कापते, तिथे ९० टक्के. उदाहरणात हा छेद वर्गमूळ साधारण ६.३७ ला येतो, म्हणजे वेळ सुमारे ४०.६ मिनिटं.

```
cv = 0.848 × 72.0 / 40.6 = 1.50 mm²/min
   = 1.50 × 0.5256 = 0.79 m²/year
```

आता मूळ बिंदूतून ओढलेल्या रेघेचा परिणाम पाहा. तेच सहा बिंदू, फक्त इंटरसेप्ट शून्य. रेघ उगाच तिरपी होते, छेद वर्गमूळ ५.३ ला सरकतो, वेळ २८ मिनिटं होते आणि सीव्ही वर्षाला १.१४ चौरस मीटर येतो. माती तीच, नोंदी त्याच, आकडा जवळपास ४५ टक्क्यांनी जास्त.

तपासा: पहिली रेघ काढल्यावर प्रत्येक बिंदू तिच्यापासून किती दूर आहे ते पाहा. पहिला बिंदू एकटाच रेघेबाहेर असेल तर वजन धक्क्याने ठेवलं गेलं असेल, तो वगळा. एकापाठोपाठ एक बिंदू एकाच बाजूला वळत असतील तर तुम्ही सरळ भागाच्या पुढचे बिंदू घेतले आहेत.

तपासा: छेदाच्या आसपास नोंदी पुरेशा आहेत का? आपल्या उदाहरणात ३६ आणि ४९ मध्ये मोठी फट आहे आणि छेद नेमका त्या फटीत आहे. तिथे दोन बिंदू सरळ रेघेने जोडण्यापेक्षा वक्र हाताने नीट काढा. पुढच्या लोड टप्प्याला त्या काळात एक जास्तीची नोंद घ्या.

## टप्पा ५: लॉग पद्धत

कॅसाग्रांदेच्या या पद्धतीत आडवा अक्ष वेळेचा लॉग. शून्य मिनिट या अक्षावर येतच नाही, म्हणून दुरुस्त शून्य वेगळ्या मार्गाने शोधावा लागतो.

दुरुस्त शून्य. सुरुवातीच्या भागात वेळ चौपट झाली की कन्सॉलिडेशनचं सेटलमेंट दुप्पट होतं. म्हणून १ आणि ४ मिनिटांच्या सेटलमेंटमधला फरक हाच शून्यापासून १ मिनिटापर्यंतच्या सेटलमेंटइतका असतो. ०.४२६ − ०.२४२ = ०.१८४. हा फरक १ मिनिटाच्या बिंदूच्या वर मोजा: ०.२४२ − ०.१८४ = ०.०५८.

एकाच जोडीवर थांबू नका. ०.२५ आणि १ ची जोडी ०.०६२ देते, २.२५ आणि ९ ची ०.०६०. तिन्ही एकमेकांशी जुळतात आणि वर्गमूळ पद्धतीच्या ०.०६० शीही जुळतात. सरासरी ०.०६० घेऊ. जोड्या फार वेगळी उत्तरं देत असतील तर सुरुवातीच्या नोंदी पुन्हा तपासा. जोडीतला उशिराचा बिंदू सरळ भागाबाहेर गेला, म्हणजे अर्ध्याहून अधिक कन्सॉलिडेशन होऊन गेलं, तर ती जोडी वापरू नका.

शंभर टक्के. इथे दोन रेघा लागतात. एक, वक्र जिथे सर्वांत तीव्र उतरतो तिथली स्पर्शरेषा. आपल्या तक्त्यात १६ ते २५ मिनिटांमध्ये उतार सर्वांत जास्त आहे, वेळेच्या दर दहापटीला सुमारे ०.७६५ मिमी. दुसरी, शेवटच्या जवळपास सरळ भागाची रेघ मागे वाढवलेली. २२५, ४०० आणि १४४० मिनिटांचे बिंदू एका रेषेत आहेत, उतार दर दहापटीला सुमारे ०.०५७ मिमी. दोन्ही रेघा ५१ मिनिटांच्या आसपास, १.१७२ मिमीला छेदतात. हे शंभर टक्के.

पन्नास टक्के. ०.०६० आणि १.१७२ चा मध्य ०.६१६ मिमी. वक्रावर हे सेटलमेंट सुमारे ९.३ मिनिटांना येतं. पन्नास टक्क्यांचा वेळ-घटक ०.१९७.

```
cv = 0.197 × 72.0 / 9.3 = 1.53 mm²/min
   = 0.80 m²/year
```

या पद्धतीतल्या दोन चुका मला रिपोर्टमध्ये सारख्या सापडतात. पहिली, शून्याची दुरुस्ती न करता सेटलमेंट शून्यापासून धरणं. मग मध्य ०.५८६ वर जातो, वेळ ८.३ मिनिटांपर्यंत घटते आणि सीव्ही सुमारे १२ टक्के जास्त येतो. दुसरी, २४ तासांचं शेवटचं सेटलमेंट, इथे १.२५४, हेच शंभर टक्के समजणं. मग मध्य ०.६५७ होतो, वेळ १०.६ मिनिटं आणि सीव्ही तेवढाच कमी.

दोन्ही चुका एकत्र केल्या तर मध्य ०.६२७ येतो, वेळ ९.६ मिनिटं, आणि सीव्ही फक्त तीन टक्क्यांनी चुकतो. त्यामुळे ‘उत्तर तर बरोबर आलं’ म्हणून चुकीची पद्धत प्रयोगशाळेत रुळून जाते. दुय्यम सेटलमेंट जास्त असलेला नमुना आला की मग ती उघडी पडते. तेव्हा उत्तर तपासून थांबू नका, रेघाही तपासा.

इशारा: एक्सेलमध्ये बिंदू ‘स्मूद’ रेघेने जोडू नका. ती रेघ बिंदूंच्या मधे स्वतःच वळते आणि सर्वांत तीव्र उताराची जागा खोटी दाखवते. बिंदू सुटे ठेवा, स्पर्शरेषा लागोपाठच्या बिंदूंच्या उतारांवरून ठरवा. चार्टचा प्रकार स्कॅटर हवा. लाइन चार्टमध्ये वेळा समान अंतरावर मांडल्या जातात आणि अख्खा आलेखच निरर्थक होतो.

## टप्पा ६: दोन्ही उत्तरं एकमेकांसमोर ठेवा

आपल्या उदाहरणात ०.७९ आणि ०.८० आले, कारण आकडे स्वच्छ आहेत आणि दुय्यम सेटलमेंट कमी आहे. खऱ्या नमुन्यात वर्गमूळ पद्धतीचा सीव्ही सहसा लॉग पद्धतीपेक्षा जास्त येतो. दुय्यम सेटलमेंट नव्वद टक्क्यांच्या आधीच मिसळायला लागलेलं असतं आणि दोन्ही पद्धती त्याला वेगवेगळं हाताळतात, हे त्याचं एक कारण. थोडा फरक चालतो. एक दुसऱ्याच्या दुपटीला गेला तर रेघा पुन्हा ओढा, आणि तरी फरक राहिला तर नमुन्याकडे बघा.

नमुना तपासताना मी सर्वांत आधी ट्यूबमधून काढलेला उरलेला तुकडा मागतो. खाडीच्या मातीत शिंपल्यांचे तुकडे आणि वाळूच्या बारीक थरांच्या रेषा असतात. वाळूची एखादी रेषा रिंगमध्ये आली की पाणी तिथून निघतं, निचऱ्याचं अंतर आपण धरलेलं राहत नाही आणि सीव्ही फुगतो. उलट, वाहतुकीत किंवा ट्यूबमधून काढताना मळला गेलेला नमुना वेळ-वक्र सपाट करतो आणि सीव्ही कमी दाखवतो.

कधी कोणती पद्धत चालत नाही, हेही माहीत हवं. लोड थोडाच वाढवला असेल, किंवा माती आधी सोसलेल्या दाबाच्या आतच असेल, तर लॉग आलेखावर इंग्रजी एस सारखा आकार येत नाही. तिथे स्पर्शरेषा कुठे ओढायची हे प्रत्येकाच्या मनावर राहतं. अशा टप्प्याला वर्गमूळ पद्धतच घ्या. प्रत्येक टप्प्यात लोड दुप्पट करण्याचा आग्रह त्यासाठीच असतो. उलट, सुरुवातीच्या नोंदी हुकल्या असतील तर वर्गमूळ पद्धतीची पहिली रेघच उभी राहत नाही. दुरुस्त शून्यही मग दोन्हीकडे संशयास्पद होतो, तेव्हा तो टप्पा सोडून द्या.

## टप्पा ७: कोणता सीव्ही डिझाइनला द्यायचा

एका नमुन्याचे सगळे लोड टप्पे सरासरी करून एकच आकडा देणं, ही शेवटची आणि महागडी चूक. सीव्ही दाबाबरोबर बदलतो. मऊ माती जुन्या दाबापलीकडे गेली की तो चांगलाच घसरतो. सुरुवातीच्या हलक्या टप्प्यांचे मोठे आकडे सरासरीत घातले तर खचण्याचा काळ खूप कमी दिसतो.

भरावाखालच्या थराच्या मध्यावर आत्ता प्रभावी दाब ३५ किलोपास्कल असेल आणि ३ मीटर मुरुमाच्या भरावाने साधारण ६० ची भर पडणार असेल, तर दाब ९५ पर्यंत जातो. अशा ठिकाणी ५० ते १०० च्या टप्प्याचा सीव्ही लागतो. म्हणून उदाहरण त्याच टप्प्याचं घेतलं.

आता आठ मीटर जाडीचा थर धरा, वर भराव आणि खाली पाणी जाऊ देणारा थर. निचऱ्याचं अंतर चार मीटर.

```
t90 = 0.848 × 4² / 0.79 = 17.2 years
```

टप्पा ४ मधल्या चुकीच्या रेघेचा १.१४ घातला असता तर हेच उत्तर १२ वर्षं आलं असतं. खालचा थर पाणी जाऊ देत नसेल तर अंतर आठ मीटर होतं आणि १७ ची सरळ ६९ वर्षं होतात. बोअरच्या लॉगमध्ये चिकणमातीच्या खाली काय लागलं, हे डिझाइन करणाऱ्याला विचारल्याशिवाय ‘दुहेरी निचरा’ असं लिहू नका. प्रयोगशाळेतला दुहेरी निचरा आणि साइटवरचा निचरा यांचा एकमेकांशी संबंध नाही.

खाडीकाठी एवढी वर्षं कुणी थांबत नाही, म्हणून उभे ड्रेन घालून वर सरचार्ज ठेवतात. त्या कामात पाणी आडवं वाहत ड्रेनकडे जातं, तेव्हा आडव्या दिशेचा गुणांक लागतो. ईडोमीटरचा हा सीव्ही उभ्या दिशेचा आहे. तो ड्रेनच्या डिझाइनला तसाच वापरला जाऊ नये म्हणून रिपोर्टमध्ये दिशा स्पष्ट लिहा. त्याबरोबर लोड टप्पा, पद्धत, त्या टप्प्यातली सरासरी जाडी, दुरुस्त शून्य, आणि टी५० किंवा टी९० हेही द्या, आणि दोन्ही आलेख रेघांसकट जोडा. त्यावरून तपासणारा तुमचं उत्तर पाच मिनिटांत पुन्हा काढू शकतो.